कुरियरमध्ये प्रिंटरला तडा: भरपाईच्या पत्रात काय काय लिहिलंत?

तळेगावकर: दुकानात प्रिंटरचा खोका आडवा टाकलेला दिसला आणि जुनी भांडणं आठवली. कुरियर कंपनीला पत्र लिहिलेल्यांनी मजकूर सांगा. उदाहरणाला धरा: पुणे ते लातूर, शाईच्या टाकीचा प्रिंटर, खोक्याचा कोपरा दबलेला, आत बॉडीला तडा. भाडं ६२०, दुरुस्ती ५२००.

शाईवाला: "प्रिंटर फुटला" एवढ्यावर भागत नाही. तडा कुठून कुठवर गेलाय, स्कॅनरचं झाकण नीट बसतं का, शाई सांडलीय का, सगळं लिहा. चालू करून बघू नका. आत शाई सांडली असेल तर बोर्ड जळू शकतो आणि कंपनी म्हणते तुम्हीच बिघडवला. सर्व्हिस सेंटरकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, त्यात "आघातामुळे तडा" असं लिहून घ्या. खोका आणि थर्माकोल जपून ठेवा, त्यांचं पहिलं बोट पॅकिंगकडेच असतं.

मीनल_लातूर: डिलिव्हरीच्या कागदावर "खोका दबलेला" लिहूनच सही. पोरगा घाई करतो, करू दे.

जोशीकाका: पावतीमागे "जबाबदारी १०० रुपयांपर्यंत" छापतात, त्याला काडीची किंमत नाही. ग्राहक आयोग उडवून लावतो.

वकीलसाहेब: काका, सरसकट नाही हो. सही केलेल्या पावतीवरची मर्यादा सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये मान्य केली आहे. अट दाखवलीच नाही, सही घेतली नाही, तर वाद घालायला जागा आहे. रस्त्याने गेलेल्या मालाला २००७ चा रस्ते वाहतूक कायदा बघा, त्यात कुरियरही येतात. जास्त किंमत जाहीर केली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. म्हणजे इथे ६२००. मागणी ५२०० अधिक भाडं ६२०, मिळून ५८२०, मर्यादेत बसते. मनस्तापाचे पन्नास हजार पत्रात घुसडू नका, मूळ मागणी हलकी पडते. आणि दाव्याआधीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. डिलिव्हरीपासून मोजलंत की गोची.

पिंट्या: माझा प्रिंटर कागद तिरका ओढतो, हेही कुरियरमुळेच का?

शाईवाला: नाही रे बाबा, ट्रेमधली बाजूची पट्टी कागदाला टेकवून लाव आधी.

मीनल_लातूर: 😂 ऑनलाइन मागवलेला असेल तर कुरियरवाल्याशी हुज्जत कशाला, विक्रेत्याकडे बदलून मागा. बुकिंग त्याचं असतं.

तळेगावकर: शेवटची ओळ काय टाकायची?

वकीलसाहेब: "डॉकेट क्रमांक अमुक. ५८२० रुपये १५ दिवसांत द्यावेत, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू." फोटो, बिल, अंदाजपत्रक सोबत. नुसत्या ईमेलवर राहू नका, स्पीड पोस्टानेही पाठवा, पोचपावतीसह.

जोशीकाका: आणि विमानाने गेला असेल तर?

वकीलसाहेब: मग दहापटीचं गणित विसरा. पावती बघितल्याशिवाय बोलत नाही, फोटो टाका.