एकच पॅराबोला, दोन उत्तरं: आकार गृहीत धरून काढलेल्या बकलिंग लोडवर भरवसा ठेवायचा का?

नवशिका
बुडाशी पक्का, वर मोकळा, डोक्यावर P भार असलेला सरळ खांब. वाकल्यावरचा आकार v = a(x/L)² धरला, साठलेली ऊर्जा आणि भारानं खाली सरकताना केलेलं काम सारखं ठेवलं. उत्तर आलं 3EI/L². खरं उत्तर π²EI/4L², म्हणजे 2.467EI/L². जवळजवळ 22 टक्के जास्त! वर मित्रानं हाच पॅराबोला घेऊन 2.5 काढलं, आणि त्याच्याही गणितात मला चूक सापडत नाही. माझं मत असं की एकाच आकाराला दोन उत्तरं देणारी पद्धत परीक्षेपुरती ठीक, ऑफिसात नको. पटतंय का कुणाला?

कोसाइनवाला
नाही पटत. पद्धतीला कशाला बोल लावतोस, आकार तुझा चुकलाय. पॅराबोलाची वक्रता बुडापासून शेंड्यापर्यंत एकसारखी असते. शेंडा मोकळा आहे, तिथे मोमेंट शून्य हवा, आणि तुझा खांब तिथेही बुडाइतकाच वाकलाय. तेवढं फुकटचं वाकवायला ऊर्जा लागली, म्हणून भार फुगला. v = a(1 − cos(πx/2L)) घेऊन बघ, नेमकं 2.467 येईल. चांगला आकार, चांगलं उत्तर, विषय संपला. शिवाय चूक नेहमी वरच्याच बाजूला होते, त्यामुळे मी तर 20 टक्के कापतो आणि पुढे जातो.

जुना_डिझायनर
शेंड्याच्या मोमेंटचं कोसाइनवाल्यांनी अगदी बरोबर सांगितलं. 20 टक्के कापण्याकडे मी नंतर येतो, आधी ते दोन उत्तरांचं कोडं.

वाकलेल्या खांबातली ऊर्जा मोजायच्या दोन वाटा आहेत. तू वक्रतेवरून गेलास, म्हणजे EI गुणिले v'' चा वर्ग. तुझ्या मित्रानं बहुधा मोमेंटवरून मोजली. शेंडा a इतका बाजूला गेला, तर x उंचीवर मोमेंट P(a − v). त्याचा वर्ग भागिले EI. खऱ्या आकाराला दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. अंदाजाच्या आकाराला पोचत नाहीत.

कामाची बाजू दोघांची एकच: 2Pa²/3L. तुझी ऊर्जा 2EIa²/L³, म्हणून P = 3EI/L². त्याची ऊर्जा 4P²a²L/15EI, म्हणून P = 2.5EI/L². चूक 22 टक्क्यांवरून 1.3 वर आली, आणि आकारात काडीचाही फरक नाही.

असं का होतं? आपला अंदाज v चा असतो, तो दिसायला बरा असतो. पण दोनदा डिफरन्शिएट केला की त्यातली प्रत्येक खोट मोठी होते. मोमेंटच्या वाटेत v जसाच्या तसा वापरतो, डिफरन्शिएट करायची वेळच येत नाही. टिमोशेंकोंनी हीच वाट वापरली. खांबाचं बुड आणि शेंडा तुझ्यासारखे असतील तर ही दुसरी वाट पहिलीच्या वर कधीच जात नाही, आणि खऱ्या उत्तराच्या खालीही उतरत नाही.

कॉम्प्युटरच_बरा
काका, हे सगळं ठीक, पण 2 मिनिटांत मॉडेल होतं, बकलिंग अ‍ॅनालिसिस लावलं की फॅक्टर समोर. सॉफ्टवेअर अंदाज बांधत नाही. हातानं इंटिग्रल कोण करतंय आता?

जुना_डिझायनर
अंदाज बांधत नाही? हाच खांब एकाच एलिमेंटनं मॉडेल कर. नेहमीचा बीम एलिमेंट आत त्रिघाती आकार धरून बसलेला असतो. उत्तर येईल 2.486. नवशिक्यानं आकारात x² च्या जोडीला x³ घेऊन दोन्ही गुणक मोकळे सोडले, तर त्यालाही कागदावर 2.486 च मिळेल, कारण गणित तेच आहे.

इथे चूक 1 टक्क्याच्या आत, म्हणून कुणाला कळत नाही. दोन्ही टोकांना पिन असलेला खांब एकाच एलिमेंटनं टाक. π² म्हणजे 9.87 च्या जागी 12 येतं. तेच 22 टक्के, फक्त सॉफ्टवेअरच्या छापील रिपोर्टमध्ये. मधे नोड देऊन खांबाचे चार तुकडे केले की प्रश्न मिटतो, पण ते देणारे किती?

कॉम्प्युटरच_बरा
पिन-पिनचं आत्ता करून बघितलं. 12.00 आलं. चार तुकड्यांत 9.87. बरं, हे माहीत नव्हतं. तरीही माझं म्हणणं तेच, चार तुकडे करा आणि सॉफ्टवेअर वापरा.

मळ्यातला
विषय निघालाच आहे तर विचारतो. मळ्यात 500 लिटरची टाकी एका खांबावर बसवायची आहे. घरी दोन पाइप पडून आहेत. खालचे 3 मीटर 114 मिमी बाहेरचा व्यास, जाडी साडेचार मिमी. वरचे 3 मीटर 76 मिमीचा, जाडी 3.6. फॅब्रिकेटर म्हणतो मधे प्लेट देऊन वेल्ड करतो, काही होत नाही. वरच्या कोसाइनच्या सूत्रात दोन्ही पाइप घालून किती टन येतं ते कुणी सांगेल का?

कोसाइनवाला
सोपं आहे. खालच्या पाइपचा I साधारण 234 सेमी⁴, वरचा 54, म्हणजे ढोबळ मानाने चौथाई. कोसाइन धरला, वक्रतेची ऊर्जा दोन भागांत वेगळी मोजली, 2.13EI/L² आलं (EI खालच्या पाइपचा). 6 मीटर उंचीला EI/L² सुमारे 13 किलोन्यूटन. म्हणजे 28 किलोन्यूटनच्या आसपास, पावणेतीन टन. टाकी भरून अर्धा टन. झोपा निवांत.

जुना_डिझायनर
थांबा, इथेच तुमचा नियम दगा देतो.

पाइप चौथाईवर उतरतो अशा खांबाचं नेमकं उत्तर हातानं निघतं. k² = P/EI असं धरा, यातला EI खालच्या पाइपचा. मग θ = kL/2 घेतल्यावर सांध्याशी विस्थापन आणि उतार जुळवले की tanθ·tan2θ = 2 येतं. त्यातून tanθ = 1/√2, θ = 0.6155, आणि P = 4θ²EI/L² = 1.515EI/L². म्हणजे 20 किलोन्यूटनच्या आत. तुमचं उत्तर 41 टक्के जास्त आहे. 20 टक्के कापूनही 1.70 उरतं, खऱ्यापेक्षा 12 टक्के वरच. किती कापायचं हे कळायला चूक किती आहे ते आधी कळायला हवं, आणि ते कळलं तर कापायची गरजच काय?

आता गंमत बघा. ज्या पॅराबोलाला आपण सगळ्यांनी नावं ठेवली, तोच इथे वक्रतेच्या वाटेनं 1.875 देतो. कोसाइनपेक्षा बरं! सांध्यावर मोमेंट अखंड असतो, पण पाइप एकदम बारीक झाला की वक्रता तिथे चौपट उडी मारते. वरचा भाग खरोखरच जास्त वाकतो. कोसाइन त्याला जवळजवळ सरळ ठेवतो, पॅराबोला निदान थोडा तरी वाकवतो. एकसारख्या खांबाला अचूक असलेला आकार दोन पाइपांच्या खांबाला अचूक राहत नाही.

मोमेंटच्या वाटेनं कोसाइन 1.597 देतो, पॅराबोला 1.542. म्हणजे चूक 5 टक्के आणि 2 टक्के. कारण M/EI मध्ये ती चौपट उडी आपोआप येते, अंदाजात नसली तरी.

कोसाइनवाला
मान्य. 41 टक्के म्हणजे चांगलीच आपटी खाल्ली. पण मग तुमची वाट तरी सगळीकडे कुठे चालते? बुड पक्कं आणि वर पिन असेल तर शेंड्याला आडवी प्रतिक्रिया येते. ती माहीत नसताना मोमेंट लिहिणार कसा?

जुना_डिझायनर
रास्त आहे. तिथे ती प्रतिक्रिया अज्ञात म्हणून ठेवावी लागते, आणि सोपेपणा बराचसा जातो. अशा वेळी मी वक्रतेच्याच वाटेनं जातो, पण आकारात दोन गुणक घेतो. एकानं आलेलं उत्तर आणि दोघांनी आलेलं उत्तर यांत फरक किती पडला ते बघतो. 3 वरून 2.486 इतकी घसरण झाली तर पहिला आकार भिकार होता असं समजायचं. नुसतीच दुसऱ्या दशांशात हालचाल झाली तर थांबायचं.

मळ्यातला
ते दशांश राहू द्या हो. 20 किलोन्यूटन असो की 28, माझी टाकी तर 5 चीच आहे ना? मग बसवू की नको?

जुना_डिझायनर
भाऊ, उभ्या भारानं तुमचा खांब मुरगळणार नाही हे खरं. पण वाऱ्यानं टाकी जितकी बाजूला ढकलली जाईल, त्या सरकण्याला उभा भार वाढवतो, साधारण 1/(1 − P/Pcr) या पटीत, यात Pcr म्हणजे बकलिंग लोड. Pcr 28 धरला तर वाढ 22 टक्के. खऱ्या 20 ला ती 33 टक्के होते. वेल्ड आणि बुड यांच्यावरचा मोमेंट त्याच हिशोबानं वाढतो. म्हणून आकडा महत्त्वाचा.

आणि सगळ्यात मोठं गृहीतक आकाराचं नाहीच, बुड पक्कं असल्याचं आहे. तुमची माती कसली? काळी असेल तर उन्हाळ्यात भेगा पडून पायाभोवतीची पकड सुटते. तेवढी ढील धरली की Pcr आणखी उतरतो. ऊर्जेच्या हिशोबात बुडाशी फिरणारी स्प्रिंग म्हणून एक पद वाढवता येतं, पण त्या स्प्रिंगचा आकडा मी इथे बसून सांगणार नाही. चार पायांचा स्टँड करून घ्या.

मळ्यातला
काळीच आहे. चार पायांना पाइप पुरणार नाहीत, पण फॅब्रिकेटरशी बोलतो.

कॉम्प्युटरच_बरा
यावरून माझाच मुद्दा सिद्ध झाला. टेपर, सांधा, ढिला पाया, हे सगळं मॉडेलमध्ये टाकता येतं. हाताच्या पद्धतीला आता जागा कुठे?

नवशिका
तुम्हीच मघाशी 12 काढलंत की! हाताचं 9.87 समोर नसतं तर तुम्हाला ते चुकलंय हे कळलं असतं का?

कॉम्प्युटरच_बरा
ते 9.87 ऑयलरचं आहे, ऊर्जा पद्धतीचं नव्हे. मत बदललेलं नाही.

नवशिका
मी माझं थोडं बदलतो. दोन उत्तरं येणं हा दोष म्हणत होतो, आता वाटतं ती तपासणी आहे. 3 आणि 2.5 यांच्यातली दरीच सांगतेय की आकार कच्चा आहे. पण एक राहिलं. शेंड्याला आडवा भार दिल्यावर खांब जसा वाकतो तो आकार, a(3x²L − x³)/2L³, घेऊन वक्रतेच्या वाटेनं गेलो. तिथेही 2.5 आलं, आणि अगदी पूर्ण 2.5. योगायोग का?

जुना_डिझायनर
योगायोग नाही. तुझ्या पॅराबोलाचा उतार x च्या प्रमाणात आहे, या नव्या आकाराची वक्रता (L − x) च्या. दोन्ही भागाकार एकाखाली एक लिही आणि एकात x च्या जागी L − x घाल. पुढचं तूच बघ.