उत्तरसूचीत २९.७, माझं उत्तर २४.५: विद्यार्थिनीला काय कळवू?

मृणाल: विद्यार्थी गणिताच्या पानाचा फोटो पाठवतात, मी सोडवून देते. आजचं गणित असं: ५ किलोचा ठोकळा ३०° च्या उतारावर आहे, घर्षण गुणांक ०.७, g = ९.८, तर ठोकळ्यावरचं घर्षण बल किती? माझं उत्तर २४.५ न्यूटन येतंय. पण त्याच फोटोत पानाच्या तळाशी उत्तरसूची दिसते आणि तिथे २९.७ छापलंय. मुलीने सूचीबद्दल काहीच विचारलेलं नाही. तिला काय कळवू?

संजय: २९.७ कळवा. वीस वर्षं शिकवतोय, अनुभवाने सांगतो. मूल पहिल्यांदा काय करतं, तर आपलं उत्तर मागच्या पानाशी ताडून बघतं. जुळलं नाही की त्याचा विश्वास डळमळतो, आणि तो पुस्तकावरचा नाही, स्वतःवरचा. शिवाय पायऱ्या सरळ आहेत. लंब बल ५ × ९.८ × cos ३०°, म्हणजे ४२.४. त्याला ०.७ ने गुणलं की २९.७. सूची चार जाणत्या माणसांनी तपासलेली असते, आपण रात्री अकराला एका फोटोवरून तिच्यावर शंका घेणं मला पटत नाही.

अनघा: मृणाल, एकदा सूची खरी मानून पुढे काय होतं ते बघा. ठोकळ्याला उताराच्या दिशेने खाली ओढणारं बल mg sin ३०°, म्हणजे २४.५ न्यूटन. घर्षण वरच्या दिशेने २९.७ असेल तर ५.२ न्यूटन शिल्लक राहतं, तेही वरच्या बाजूला. म्हणजे ठोकळा सोडून दिला की कुणी हात न लावता उतार चढायला लागेल, दर सेकंदाला साधारण एक मीटर प्रति सेकंद वेग वाढवत. असं होत नाही.

घर्षण लागेल तेवढंच लागतं. ०.७ ने गुणून जी संख्या मिळते ती त्याची कमाल मर्यादा. ती गाठायची वेळ येते का, हे आधी बघायचं. tan ३०° म्हणजे ०.५८, गुणांक ०.७, म्हणजे ठोकळा घसरतच नाही. तो जागेवर आहे, म्हणून घर्षण बरोबर २४.५. सूची करणाऱ्याने ही पायरी गाळून थेट सूत्र लावलेलं दिसतंय.

संजय, तुमच्या पायऱ्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. आकडेमोड चोख आहे, म्हणूनच त्या घातक आहेत. उत्तर आधी ठरवून त्याच्याकडे नेणारी वाट आखली आहे आणि मुलीला ती वाट शिकण्यासारखी वाटेल. पुढच्या प्रत्येक उतारावर ती डोळे मिटून गुणाकार करेल.

निखिल: मला वाटतं दोघंही बरोबर आहात. २९.७ हे सीमांत घर्षण, २४.५ हे प्रत्यक्ष घर्षण. दोन्ही लिहून द्या, विषय संपला. आणि आकृतीतला कोन नीट बघितलात का? काही पुस्तकांत कोन वरच्या टोकाला, उभ्या रेषेपाशी दाखवतात. तसं असेल तर उतार ६०° चा होतो आणि ठोकळा घसरतो.

अनघा: कोनाची शंका रास्त आहे, आणि ती तपासता येते. उतार ६०° चा धरला तर लंब बल निम्मं होतं, २४.५. त्याच्या ०.७ पट म्हणजे १७.१५. सूचीत तसलं काही नाही, म्हणजे सूची करणाऱ्यानेही कोन ३०° चाच धरला.

हीच युक्ती गुणांकाला लावा. फोटो अंधुक असला की ०.७ मधला सात आणि ०.१ मधला एक सारखेच दिसू शकतात. पण सूचीतल्या २९.७ ला ४२.४ ने भागलं की ०.७ च येतो. म्हणजे सूचीचं उत्तर पटलं नाही तरी तिने एक साक्ष दिली: पानावरचे आकडे आपण बरोबर वाचलेत. मात्र ही उलटी आकडेमोड स्वतःचं उत्तर काढून झाल्यावरच करायची. आधी केली की डोळ्याला तेच दिसायला लागतं.

"दोन्ही बरोबर" मात्र मान्य नाही. प्रश्न एकच राशी विचारतो. दोन उत्तरं लिहून दिली तर निवड मुलीवर ढकलल्यासारखं होईल, आणि तिच्याकडे निवडायला आधार नाही.

रेवती: मृणालताई, सूची दिसली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. फोटोत होती ती, तुम्ही चोरून थोडीच बघितलीत! माझ्यावर एकदा तसा आरोप झाला होता, म्हणून सांगते. मी तर आता कागदाची पट्टी ठेवून खालचा भाग झाकते आणि मगच सोडवायला घेते.

मृणाल: रेवतीताई, बघितल्याचं वाईट वाटत नाहीये. उत्तर जुळत नाही हे सांगायचं कसं, तिथे अडलेय.

रेवती: अच्छा, माझं वाचण्यात चुकलं. मग माझी दुसरी गोष्ट ऐका. एका मुलाने पाठवलेल्या पानावर माझी लागोपाठ तीन उत्तरं सूचीशी जुळेनात. मी ठामपणे लिहून मोकळी झाले, "सूची चुकीची आहे." दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं तर फोटो तिरका होता आणि मी सूचीची ओळ एक घर खाली वाचत होते. बाराव्या प्रश्नासमोर मला तेराव्याचं उत्तर दिसत होतं. त्याला तसं कळवलं, पण तोवर तो वर्गात शिक्षकांना सांगून बसला होता आणि सगळ्यांसमोर खोटा पडला. अजून मनाला लागतं ते. तेव्हापासून एक उत्तर जुळलं नाही की शेजारची दोन गणितं सोडवून बघते. ती जुळली तर ओळ बरोबर वाचतेय असं धरते.

मृणाल: हे केलं आत्ताच. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही सूचीशी जुळतात. म्हणजे ओळ तीच.

संजय: रेवतीताईंनी माझंच म्हणणं मांडलं. ठामपणे "सूची चुकली" म्हणणारा माणूस चुकला आणि फटका मुलाला बसला. अनघाताई, भौतिकशास्त्र तुमचं बरोबर आहे, मान्य करतो. माझी पहिली ओळ मी घाईत लिहिली. पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हातात सूची असते, तुमचं स्पष्टीकरण नसतं. तज्ज्ञांनी केलेली सूची चुकण्यापेक्षा आपण चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त, हेही खरं ना?

अनघा: बहुतेक वेळा खरं. म्हणूनच आधी स्वतःला तपासायचं, आणि मृणालने ते केलंय. पण तज्ज्ञांची सूची चुकतच नाही असं नाही. अमेरिकेत १९८२ च्या एसएटी परीक्षेत एक गणित होतं. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेने गडगडत पूर्ण फेरी मारून मूळ जागी येतं, तर ते स्वतःभोवती किती वेळा फिरतं? सूचीत ३ होतं. खरं उत्तर ४, आणि ते पर्यायांतच नव्हतं. तीन विद्यार्थ्यांनी परीक्षा घेणाऱ्यांना लिहून कळवलं. तो प्रश्न वगळावा लागला आणि सुमारे ३ लाख जणांचे गुण पुन्हा काढले गेले.

दोन सारखी नाणी घेऊन बघा. एक दाबून धरा आणि दुसरं त्याच्या कडेने न घसरता फिरवा. अर्धी वाट झाली की नाण्यावरचं चित्र पुन्हा सरळ उभं दिसतं, म्हणजे पूर्ण फेरीत ते दोनदा फिरतं. परिघांचा भागाकार एकच सांगतो. इथेही तेच झालंय: भागाकार बरोबर, पण तो कुठे लागू पडतो ते बघायचं राहिलं.

निखिल: अनघाताई, एक विचारतो. ठोकळा आधी वरून ढकललेला असेल आणि घसरत असेल तर? तेव्हा ०.७ हा गतिज गुणांक होईल आणि घर्षण २९.७ च येईल ना?

अनघा: येईल. तो हळूहळू थांबेल, पण घसरत असेपर्यंत घर्षण २९.७ च असेल. हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. मृणाल, प्रश्नात "ठेवला आहे" किंवा "स्थिर आहे" असे शब्द आहेत का?

मृणाल: नाहीत. नुसतं "उतारावर आहे". आणि आता बघते तर फोटोत गणिताच्या वरची एक ओळ अर्धी कापली गेली आहे. अक्षरांचे फक्त खालचे काने दिसतात.

अनघा: मग मी वर जितक्या खात्रीने बोलले तितक्या खात्रीने लिहू नका. दिसतो तेवढ्या मजकुरावरून २४.५ म्हणायचं, सूची वेगळं सांगते हे म्हणायचं आणि कोणत्या शब्दाने निकाल फिरेल तेही सांगायचं. कापलेली ओळ लपवली तर तेही अर्धवट सांगणंच झालं.

रेवती: आणि "छपाईची चूक असावी" असं लिहू नका हं. २९.७ हा कुणीतरी हिशेब करून काढलेला आकडा आहे, अक्षरं जुळवताना पडलेला नाही.

मृणाल: हे पाठवलं:

"तू पाठवलेल्या फोटोत जेवढा मजकूर दिसतो त्यावरून उत्तर २४.५ न्यूटन येतं. पानाखालच्या सूचीत २९.७ आहे. ओळ नीट वाचली का, हे शेजारची दोन गणितं सोडवून तपासलं. २९.७ म्हणजे ०.७ × ४२.४, म्हणजे घर्षणाची कमाल मर्यादा. ठोकळा स्थिर असेल तर ती गाठली जात नाही, कारण त्याला खाली ओढणारं बल २४.५ च आहे. पण प्रश्नात ठोकळा घसरत आहे असं असेल, किंवा कमाल घर्षण विचारलं असेल, तर सूची बरोबर आणि माझं उत्तर लागू नाही. फोटोत वरची ओळ कापली गेली आहे. ती पाठवशील?"

संजय: मजकूर चांगला आहे, मी इतकं लिहिलं नसतं. पण माझा प्रश्न उरतोच. वरच्या ओळीत काहीच निघालं नाही आणि उद्या हेच गणित परीक्षेत आलं, तर तिने कागदावर काय लिहायचं? गुण तिचे जाणार आहेत, तुमचे नाही.

अनघा: २४.५ लिहावं आणि ठोकळा घसरत नाही ही तुलना वर मांडावी, म्हणजे तपासणाऱ्याला थांबायला जागा मिळेल. पण नुसता आकडा भरायचा असेल तर? तुम्हाला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. मी तरी २४.५ च लिहायला सांगेन.

संजय: मी नाही सांगणार. निदान तिला न विचारता नाही.

मृणाल: तिचा निरोप आला. पुस्तक मैत्रिणीचं आहे, उद्या मिळालं की वरच्या ओळीचा फोटो पाठवते म्हणाली. आणि विचारतेय, "म्हणजे गुणाकार करायच्या आधी tan ३०° बघायचा का?"