मांजराला पट्टा, बिल्ला, घुंगरू... घालायचं की नाही?

जास्वंद_नाशिक: आम्ही फ्लॅटमधून गंगापूर रोडच्या बंगल्यात राहायला आलोय. भाटी आहे दीड वर्षाची, सव्वातीन किलो, ऑपरेशन झालंय, आता कंपाउंडवरून शेजारी फिरायला लागलीये. हरवली तर नंबर असावा म्हणून पट्टा घालायचा विचार आहे. सासूबाई म्हणतात घुंगरूपण घाल, कारण जास्वंदीत बुलबुलाने घरटं केलंय. नवरा म्हणतो कुठेतरी अडकून फास बसेल. दुकानात इलॅस्टिकचा आणि ब्रेकअवे असे दोन पट्टे दाखवले, दोन्ही सेफ्टीवाले म्हणून. घालू का?

पंचवटीकर: नका घालू. आमच्या शेजारच्या बोक्याचा खालचा जबडा पट्ट्यात अडकला होता, चाटता चाटता गेला आत, तोंडातून फेस येत होता आणि सगळ्यांना वाटलं पिसाळलाय, कोणी हात लावेना. शेवटी एकाने पोतं टाकून पकडलं आणि कात्रीने पट्टा कापला. मायक्रोचिप बसवा, विषय संपला.

दवाखान्यातली_ताई: मी व्हेटकडे मदतनीस आहे, त्यामुळे हे दोन्ही पट्टे काढायची वेळ येते. आधी इलॅस्टिकवाल्याबद्दल सांगते, कारण लोक सेफ्टी म्हणून तोच घेतात. तो ताणला जातो पण सुटत नाही. मांजर पट्टा काढायला पुढचा पाय घालतं, पाय आरपार जातो आणि पट्टा खांद्यावरून काखेत येऊन बसतो. मग प्रत्येक पावलाला तिथे घासतो. मांजर दोनचार दिवस घरी आलं नाही की काखेत खोल जखम झालेली असते, आणि ती भरता भरत नाही, कारण जागाच हलणारी, टाके घातले तरी उसवतात. फासापेक्षा हे जास्त बघितलंय मी. पंचवटीकरांनी सांगितलेला जबड्याचा प्रकारपण खरा आहे, तो ढिल्या पट्ट्यात होतो. म्हणून मांजराला पट्टा ढिला ठेवणं म्हणजे दया नाही, एक बोट आरामात आणि दोन जेमतेम जातील इतकाच हवा.

ब्रेकअवेचं बक्कल जोर आला की तट्कन उघडतं. पण सगळी बक्कलं सारखी नसतात, काही इतकी कडक की उघडतच नाहीत. घरी तपासा. पट्टा मांजराच्या गळ्याच्या मापाला लावून गोल बंद करा, दाराच्या हुकाला अडकवा आणि त्याच गोलात खालून कापडी पिशवी लटकवा, बक्कल बाजूला राहील असं. पिशवीत थोडे थोडे गहू घालत जा. तुमची सव्वातीन किलोची आहे, म्हणजे दीड-दोन किलोच्या आत सुटायला हवं. पूर्ण वजनाला सुटून उपयोग नाही, कारण अडकलेलं मांजर बऱ्याचदा मागच्या पायांवर टेकलेलं असतं, सगळा भार गळ्यावर येतच नाही. नुसतं दोन हातांनी ओढून बघितलं तर फसाल, त्यात सगळा जोर बक्कलवर येतो. गोल लटकल्यावर वजन दोन्ही बाजूंना वाटलं जातं, बक्कलला निम्मंच मिळतं.

सिडको_बोकावाले: आम्ही आमच्या बोक्याला ब्रेकअवेच घेतलाय आणि संध्याकाळी त्यालाच दोरी लावून फिरवतो, मस्त चालतो. फक्त कुत्रा दिसला की पट्टा सुटतो, दुसऱ्या कंपनीचा घट्ट मिळेल का?

दवाखान्यातली_ताई: अहो दादा तो सुटण्यासाठीच आहे 😅 फिरवायला हार्नेस घ्या, छातीवरून जाणारा. दोरीचा भार गळ्यावर नको.

कॉलेजरोड_पक्षीवाला: घुंगरूबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. घुंगरू लावलं की पक्षी वाचतात हा समज अर्धाच खरा. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घुंगरू लावलेल्या मांजरांनी पक्षी ४१ टक्के आणि उंदरांसारखे प्राणी ३४ टक्के कमी आणले होते. पण २०२१ ला तिथेच एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी बघितलं तर घुंगराचा ठळक फरक दिसलाच नाही. उलट मांस जास्त असलेलं खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्के घटली आणि रोज पाचदहा मिनिटं खेळवल्याने २५ टक्के. आणि तुमच्याकडे तर बुलबुलाची पिल्लं आहेत. पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना धड उडता येत नाही, खाली झुडपात बसून राहतात, त्यांनी घुंगरू ऐकलं तरी जाणार कुठे? पिल्लं उडेपर्यंत मनीला आत ठेवा, दुसरा उपाय नाही.

वाडा_जुनं_नाशिक: घुंगराने मांजर बहिरं होतं! कान इतके तीक्ष्ण आणि दिवसभर छन छन, विचार करा.

दवाखान्यातली_ताई: बहिरं झालेलं तरी मी नाही बघितलं, तेवढा आवाज नसतो छोट्या घुंगराला. काही मांजरं मात्र वैतागतात, सतत गळा खाजवतात, ते बघून काढावं. मला घुंगराची वेगळीच भीती वाटते, त्याच्या फटीत नख किंवा दात अडकतो. मोठ्या फटीचं घेऊ नका.

पंचवटीकर: म्हणजे घुंगरू धोक्याचं, इलॅस्टिक धोक्याचं, ब्रेकअवे सुटून पडणार. मग उरलं काय? परत म्हणतो, चिप.

दवाखान्यातली_ताई: चिप बसवाच, मी नाही म्हणतच नाही. पण तिच्यात फक्त १५ आकडी नंबर असतो, तो वाचायला मशीन लागतं. तुमची मांजर दोन गल्ल्या पलीकडे सापडली तर वॉचमन काय मशीन घेऊन बसलाय? त्याला गळ्यातला मोबाईल नंबर दिसतो, तो फोन करतो. फक्त लोंबता बिल्ला नको, त्याची रिंग ग्रिलमध्ये अडकते, नंबर पट्ट्यावरच विणून किंवा चपट्या पट्टीवर कोरून घ्या. अमेरिकेत २०१० च्या अभ्यासात ५३८ मांजरांना सहा महिने पट्टे घातले होते, चारातल्या जवळजवळ तीन जणींनी ते शेवटपर्यंत ठेवले. अडकण्याचे प्रकार १८ झाले, म्हणजे पाय, जबडा, कुठेतरी गुंतणं, सगळं धरून.

पंचवटीकर: १८ तुम्हाला कमी वाटतात? त्यातली एक माझी असेल तर? आणि ते लोक अभ्यासात होते, लक्ष ठेवून होते, आपल्याकडे पट्टा एकदा घातला की दिवाळीलाच बघतात.

कॉलेजरोड_पक्षीवाला: हा मुद्दा बरोबर आहे खरं. शिवाय संक्रांतीच्या आसपास बाहेर सोडूच नका, नायलॉन मांजावर बंदी असून झाडाझाडात लोंबतोय, पट्टा असो नसो.

दवाखान्यातली_ताई: पंचवटीकर, मी कमी नाही म्हणत. पट्टा न घालण्याचाही धोका आहे, एवढंच. घरात वाढलेली मांजर बाहेर सटकली की लोकांना भटकीच वाटते, कोणी फोन करत नाही. दर आठवड्याला बोट घालून बघणार असाल तर घाला, ते जमणार नसेल तर चिपवर थांबा.

जास्वंद_नाशिक: गव्हाचं करून बघितलं!! ब्रेकअवेवाला पावणेतीन किलोला पण सुटला नाही, पिशवीच फाटली. दुकानदार म्हणाला असं कोण तपासतं, पण बदलून दिला, दुसरा दीडला सुटला. घुंगरू कापून टाकलं, सासूबाई नाराज आहेत. मनी सध्या आतच आहे, खिडकीत बसून घरट्याकडे बघत ओरडते. अजून एक, बहिणीकडे चार महिन्यांचं पिल्लू आहे, त्याला हाच चालेल का?

दवाखान्यातली_ताई: नको, दीडला सुटणारं बक्कल त्या दीड किलोच्या जिवाला कडकच आहे, शिवाय गळा वाढतोय आणि पट्टा घट्ट होत जाईल. सहा महिने तरी होऊ दे, तोवर घराबाहेर सोडू नका म्हणावं.