पार्सल, इन्व्हॉइस, अनबॉक्सिंग व्हिडिओ : तुमची पुराव्यांची फाइल कधी कामी आली, कधी नाही आली?

कात्री_कुठंय

धागा काढायचं कारण म्हणजे माझं स्वतःचंच प्रकरण, आत्ता कुठे मिटलंय. कॅमेऱ्याची लेन्स मागवली होती. बॉक्स आला, लेन्सचा डबा आत होता, डब्यात नुसते कागदाचे बोळे. मी व्हिडिओ काढला होता, मला वाटलं झालं काम. तर पहिल्याच उत्तरात क्लेम रिजेक्ट, कारण काय तर व्हिडिओ सलग नाही. आणि खरंच नव्हता! टेप निघेना म्हणून मी रेकॉर्डिंग थांबवून कात्री शोधायला गेले, परत येऊन दुसरा व्हिडिओ चालू केला. मधली चार मिनिटं गायब. मी रडकुंडीला आले होते पण समोरच्याच्या जागी बसून बघितलं तर चार मिनिटांत मी लेन्स काढून कपाटात ठेवली नसेल कशावरून?

मग मी फाइल नीट लावली. ऑर्डर कन्फर्मेशनचा मेल, इन्व्हॉइस, ट्रॅकिंगच्या पानाचे स्क्रीनशॉट, दोन्ही व्हिडिओ, आणि लेबलचा फोटो. लेबलवर वजन 1.2 किलो छापलेलं, आणि मी घरच्या काट्यावर खोक्यासकट सगळं ठेवलं तर 410 ग्रॅम. हे मोठ्या अक्षरात लिहिलं की तुमच्याच लेबलवर 1.2 किलो आहे, माझ्याकडे 410 ग्रॅम पोचलं, कुरियरने हबमध्ये किती वजन घेतलं ते तपासा. सहा दिवसांनी पैसे परत आले, कारण सांगितलं नाही. मी तरी वजनामुळेच जिंकले असं धरून चाललेय.

तुमचे अनुभव लिहा. जिंकलेले लिहाच पण हरलेले जास्त लिहा, त्यातून जास्त कळतं.

बोळा

लेबलच्या वजनाचं मीपण केलंय!! हेडफोनच्या वेळी. लेबलवर दीड किलो आणि हातात पाव किलो पण नाही. मी तर तिथेच फसवणूक म्हणून तक्रार टाकली. नंतर कळलं हेडफोन आत व्यवस्थित होते, मी खोकं न उघडताच भांडत होतो 😅

गोदामातला

मी काही वर्षं कुरियरच्या हबमध्ये काम केलंय आणि नंतर एका विक्रेत्याकडे क्लेम बघायचो, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयेत. ताई, तुमचे पैसे आले हे चांगलंच झालं पण तुमचा 1.2 किलोचा मुद्दा मुळात बरोबर नाहीये. खोक्याची मापं काय होती? अंदाजे 30 बाय 20 बाय 10 सेंटिमीटर का? गुणाकार 6000. बरेच कुरियरवाले त्याला 5000 ने भागतात, आले 1.2. ते खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन आहे, भाडं लावायला. गाडीत जागा किती अडते त्याचे पैसे घेतात ना. त्यात तुम्ही लेन्स घाला नाहीतर हवा घाला, लेबलवर 1.2 च येणार. वरच्या बोळा साहेबांचंही तेच झालं. आणि काही वेळा तर विक्रेत्याने लेबल काढताना जे वजन टाकलं तेच छापलं जातं, कुणी तोललेलं नसतं.

खरं वजन असतं ते हबमध्ये पट्ट्यावरून पार्सल जाताना नोंदलं जातं ते. ते लेबलवर छापून येत नाही, आणि बहुतेक वेळा घेणाऱ्याला सांगतही नाहीत, पाठवणाऱ्याला मागता येतं. पहिल्याच हबमध्ये 400 च्या आसपास नोंदलं असेल तर माल निघतानाच नव्हता. पहिल्या हबमध्ये 1 किलो आणि शेवटच्या हबमध्ये 400 असेल तर वाटेत गेला. म्हणजे "हबचं वजन तपासा" ही एक ओळ तुम्ही लिहिलीत ती लाखाची होती, लेबलची ओळ नाही.

कात्री_कुठंय

अहो खोकं फेकलं नाहीये अजून, मोजून आले. 30, 20, आणि उंची 10 ला किंचित कमी. म्हणजे मी चुकीचं भांडून जिंकले! मग काय लिहायला हवं होतं?

गोदामातला

लेन्सचं स्वतःचं वजन कंपनीच्या माहितीच्या पानावर दिलेलं असतं. किती होतं?

कात्री_कुठंय

650 ग्रॅम.

गोदामातला

झालं तर मग. नुसती लेन्स 650, आणि खोकं, डबा, बोळे धरून अख्खं पार्सल 410. हा हिशोब लिहायचा, त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडायचा. पण त्यातही एक भोक आहे. तुम्ही वजन उघडल्यानंतर केलंत. उघडल्यावर केलेलं वजन म्हणजे परत तेच, लेन्स कपाटात असू शकते. बंद पार्सल व्हिडिओ चालू असतानाच काट्यावर ठेवायचं आणि मग कात्री लावायची. काटा आधी शून्यावर आलेला दिसू दे. स्वयंपाकघरातला काटा असला तरी चालतो, पाच-दहा ग्रॅमवरून कुणी भांडत नाही.

आणि खालची बाजू दाखवा. लोक वरची टेप दाखवतात, चोर खालून उघडतो. टेपवर टेप दिसली किंवा लेबलच्या कडेखालून कापलेलं दिसलं तर तिथे थांबायचं, कॅमेरा जवळ न्यायचा, फोकस बसेपर्यंत दोन-तीन सेकंद हलायचं नाही. लेबलचंही तसंच. माझ्याकडे आलेल्या व्हिडिओत सगळ्यात जास्त हीच बोंब असायची, लेबलवरचा ट्रॅकिंग नंबरच वाचता येत नाही, मग हे त्याच पार्सलचं आहे हे ठरवायचं कसं?

निवांत_राव

एवढं सगळं कोण करतं हो. दर पार्सलला काटा, लाइट, आई फोन धरून उभी. मी फक्त महाग वस्तूंचा काढतो, बाकी देवावर. मी एक सोपं करतो, व्हिडिओ झाला की लगेच व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो आणि फोनमधला डिलीट करतो, तारीख वेळ तिथे राहते आणि फोनपण भरत नाही.

सहा_बाजू

निवांतराव तारीख राहते ती पाठवल्याची, काढल्याची नाही. आणि तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो, मूळ फाइलमधली माहिती जाते. माझं याच्यावरच अडलं होतं. फोनचा आयएमईआय नंबर खोक्यावर एक, फोनमध्ये दुसरा. `*#06#` डायल करून पंधरा आकडे स्क्रीनवर दाखवले होते, खोक्याचं स्टिकर पण त्याच फ्रेममध्ये. घरच्या ग्रुपवर पाठवला आणि मूळ फाइल उडवली. क्लेमला जोडायला गेले तर आकडे नुसते धुरकट, 3 आहे का 8 तेच कळेना. शेवटी इन्व्हॉइसवर छापलेला आयएमईआय आणि फोनच्या सेटिंगमधला स्क्रीनशॉट यांच्यावर भागलं. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसा दाबला जात नाही. तरी मूळ फाइल ठेवाच, वाद मिटेपर्यंत.

चार्जर_शोधक

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, मी ऑर्डर कॅन्सल केली होती आणि पैसे अजून आले नाहीत, त्याला अनबॉक्सिंग व्हिडिओ कसा काढायचा? वस्तूच आली नाही.

बोळा

दादा रिकाम्या हातांचा व्हिडिओ काढा 😂

सहा_बाजू

हसू नका हो. तुम्हाला व्हिडिओ नको, कॅन्सल झाल्याचा मेल, तारखेसकट, आणि बँकेचं स्टेटमेंट ज्यात पैसे गेलेले दिसतात आणि परत आलेले दिसत नाहीत. एवढंच.

पानाची_प्रत

व्हिडिओवर सगळे बोलतायत, माझं नडलं ते प्रॉडक्टच्या पानावर. पानावर लिहिलेलं की सोबत दोन बॅटऱ्या. आली एक. तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर "एक बॅटरी". बदलून टाकलं! माझ्याकडे ऑर्डर करतानाचं काहीच नाही. इन्व्हॉइसवर फक्त वस्तूचं नाव, आत काय काय येणार ते नाही. हरलो. त्यात इन्व्हॉइसवर विक्रेत्याचं नाव पानावरच्या नावापेक्षा वेगळं, तेही तेव्हाच पहिल्यांदा वाचलं.

आता पैसे भरायच्या आधी कॉम्प्युटरवर ते पान प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ करून ठेवतो. हेडर-फूटरचा पर्याय चालू ठेवला की कोपऱ्यात तारीख आणि पानाचा पत्ता आपोआप छापला जातो. मोबाइलच्या स्क्रीनशॉटमध्ये पत्ता नसतो, तो कापलेला असला तर अजूनच संशय.

तिसरा_मेल

मी कार्डावरून डिस्प्यूट टाकला होता, तो अनुभव. बूट पूर्ण वेगळे आले, विक्रेता फोनवर रोज उद्या-उद्या करायचा. मी नऊ-दहा फोन केले. शेवटी बँकेत डिस्प्यूट टाकला, सोबत अठ्ठावीस स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ. परत आला. त्यांनी विचारलं की तुम्ही वस्तू परत द्यायची तयारी विक्रेत्याला कळवली होती का, कळवल्याचं दाखवा. सगळं फोनवर! लेखी एक ओळ नाही. मग मेल टाकला, वस्तू परत न्या, पैसे द्या, इतक्या तारखेपर्यंत उत्तर द्या. उत्तर नाही. तो मेल जोडून पुन्हा टाकला तेव्हा झालं. मुदतीचं लक्षात ठेवा, व्हिसा-मास्टरकार्डवर अशा प्रकाराला साधारण 120 दिवस असतात पण बँक आपली वेगळी मुदत सांगते, आणि वाट बघण्यात माझे तीन महिने गेले होते.

चॅटचंही तेच, खिडकी बंद केली की गायब. बंद करायच्या आधी मेलवर पाठवा म्हणायचं, नाहीतर स्क्रीनशॉट, तिकीट नंबरसकट.

गोदामातला

अठ्ठावीस स्क्रीनशॉट कुणी उघडत नाही हो, खरं सांगतो. आमच्याकडे एका केसला काही मिनिटं मिळायची. ज्याच्या फाइलला सगळ्यात वर एक पान असायचं, कोणत्या तारखेला काय झालं आणि त्याचा पुरावा कोणत्या फाइलमध्ये, त्याची केस वाचली जायची. व्हिडिओ असेल तर "2:40 ला टेप कापली, 3:15 ला डबा रिकामा" असं लिहून द्या, बघणारा थेट तिथे जातो. आणि ओटीपी किंवा कार्डाचा पूर्ण नंबर दिसतो असं काही जोडू नका, तेही येतं लोकांकडून.

परतीची_वाट

सगळे आणतानाचं बोलताय, माझं जातानाचं झालं. चुकीच्या साइजचं जॅकेट, रिटर्न मंजूर झालं, माणूस येऊन घेऊन गेला. दहा दिवसांनी मेल, "मिळालेली वस्तू वेगळी आहे", पैसे नाहीत. येतानाचा व्हिडिओ माझ्याकडे झक्कास होता, परत दिलेल्याचा शून्य. तेव्हापासून पॅक करताना पण सलग व्हिडिओ, टॅग आणि नंबर दाखवून, टेप लावून, काट्यावर ठेवून, आणि तो माणूस स्कॅन करतो तोपर्यंत चालू. पावती किंवा पिकअपचा मेसेज घेतल्याशिवाय पिशवी सोडत नाही. त्या जॅकेटचं मात्र अजून अडकलंय. परतीच्या पार्सलचं हबचं वजन मागितलंय, उत्तर नाही. गोदामातले दादा, परतीच्या वेळी पाठवणारा मीच ना? मग मला सांगायला हवं की नको?

गोदामातला

तर्काने बरोबर आहे. पण लेबल त्यांच्या खात्यावरून निघतं, म्हणून कुरियर तुम्हाला पाठवणारा धरेलच असं नाही. लेखी मागत राहा, ट्रॅकिंग नंबर आणि पिकअपची तारीख देऊन.

निवांत_राव

डिलीट केलेले व्हिडिओ परत मिळतात का हो कुणाला माहीत आहे का? विचारतोय सहज. काल एक मिक्सर आलाय.