मदत हवी आहे: फ्लॅट सोडताना लाईट बिलाचा शेवटचा हिशोब कसा करायचा?

रत्नागिरीत भाड्याने राहतोय, बदली कणकवलीला झाली म्हणून १२ ऑगस्टला फ्लॅट सोडतोय. मीटर मालकाच्या नावावर, बिल मी भरतो. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीला कुलूप असतं आणि वॉचमन गावी गेलेला, त्यामुळे जून-जुलैची दोन्ही बिलं रीडिंग न घेता आली, प्रत्येकी ११० युनिटची, ती मी भरली. २८ मेचं खरं रीडिंग ४२१०, आज मीटरवर ४४७५. घरमालक काका डोंबिवलीला असतात, ते फोनवर म्हणतात २६५ युनिट गुणिले १५ रुपये डिपॉझिटमधून कापणार. हे बरोबर आहे का?

भाट्येकर: सरासरी बिलं भरलीत ना, मग विषय संपला. एक पैसा देऊ नका.

सुपारीबाग: मीटर नावावर करायचं असेल तर मालकाची संमती लागते, आधी तो अर्ज करा.

ओपी: अहो नावावर नाही करायचंय, घर सोडतोय 😅

जुनाखांब: भाट्येकर, संपला नाही हो, पण काकांचा हिशोबही चुकलाय. २६५ युनिट हे मेपासूनचे सगळे, त्यातले २२० चे पैसे तुम्ही सरासरीत भरलेत, म्हणजे राहिले ४५. खरं रीडिंग पडलं की ते आधीचे पैसे पुढच्या बिलात वजा होऊन येतात, पण ते बिल काकांच्या हातात पडणार, म्हणून आत्ताच ठरवून घ्या. दुसरं, १५ चा दर कुठून आणला? २६५ युनिट अडीच महिन्यांत वाटले तर महिन्याला १०६ येतात, म्हणजे जवळपास सगळे १०० पर्यंतच्या स्लॅबमध्येच. दर बिलावर छापलेले असतात, वीज आकार आणि वहन आकार मिळून धरा, वर वीज शुल्क, आणि स्थिर आकार फक्त अर्ध्या महिन्याचा. सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं असेल तर ते मालकाचं, तुमचं नाही.

हर्णैची_सून: आमच्याकडे वेगळंच झालं, दोन वर्षं शेजारच्यांचं बिल आम्ही भरत होतो, मीटरच उलटे जोडलेले! घरातला मेन बंद करून खाली जाऊन बघा, लाल दिवा लुकलुकायचा थांबला तरच तो तुमचा मीटर.

जुनाखांब: हे मात्र नक्की करा. आणि फोटो काढताना मीटर नंबर आणि रीडिंग एकाच फोटोत येऊ द्या. डिस्प्लेवर आकडे बदलत राहतात, kWh दिसेल तोच धरा, नाहीतर kW चा आकडा लिहून बसाल.

ओपी: दिवा थांबला, मीटर आमचाच. फोटो काकांना पाठवलाय. ते आता म्हणतात २८ तारखेचं बिल येईपर्यंत सगळं डिपॉझिट अडकवून ठेवणार.

जुनाखांब: सगळं कशाला? ४५ युनिटला लागतील त्याहून थोडे जास्त ठेवा म्हणावं, बाकीचे चावी देतानाच मागा. मात्र १२ नंतर तिथे कोणी राहायला आलं तर ते युनिट वेगळे हवेत, म्हणून ४४७५ हा आकडा दोघांच्या सहीने कागदावर घ्या.

ओपी: काका सही करायला येतील तेव्हा खरं, गणपतीशिवाय त्यांचं पाऊल इकडे पडत नाही. व्हॉट्सॲपवर "४४७५ मान्य" एवढं लिहून मागितलंय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

भाट्येकर: मग चावी देऊ नका 😀