मेदूवडा बाहेरून लाल, भोकाजवळ कच्चा – चुलीवर तेलाचा ताव कसा सांभाळायचा?

बोरीची_वहिनी
नमस्कार. हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. बचत गटातल्या आम्ही काहीजणी मिळून कार्यक्रमांच्या नाश्त्याच्या ऑर्डर घेतो. आलूबोंडा, मुंगवडा, पोहे हातात बसलेले आहेत. आता पुढच्या आठवड्यात एका बारशाला दीडशे मेदूवडे सांगितले आहेत आणि मेदूवडाच जमून नाही राहिला.

वडा तेलात सोडला की दोन मिनिटांत छान लाल होतो. काढून फोडला की बाहेरची कड शिजलेली, पण भोकाच्या भोवती पांढरी ओली पट्टी दिसते. बोटाला चिकटते, उडदाचा कच्चा वास येतो.

करते असं: उडीद मोगर रात्रभर भिजवते. आमच्याकडे दिवसा लाइनचा भरवसा नाही, म्हणून पहाटेच मिक्सरवर वाटून पीठ फ्रीजमध्ये ठेवते. तळायच्या वेळी मिरं, जिरं, आलं, कढीपत्ता. ओल्या हातावर गोळा घेऊन अंगठ्याने भोक पाडते. मोठी कढई गॅसवर बसत नाही, म्हणून चूल, जळण पऱ्हाट्यांचं. तेल सोयाबीनचं. थर्मामीटर नाही. सोडा घातला तर फरक पडेल का? आणि आच कमी केली तर वडे तेल पितील ना?

अंबानगरीचा_सुधीर
ताई, आच जास्त आहे तुमची. एकदम मंद करा आणि बराच वेळ राहू द्या, आतून शिजणारच. चिमूटभर सोडा टाका, वडा हलका होतो. मी भज्यांत नेहमी टाकतो.

पळसपान
आमच्याकडे पोळ्याला उडदाचे वडे असतात. भोक बिक काही नाही, पातळ थापायचे आणि पुरणपोळीसोबत कढीत बुडवून खायचे. कच्चे राहत नाहीत कधी. थापायला पळसाचं पान घ्या, पाण्याचा हात फिरवला की वडा अलगद सुटतो. दुसऱ्या दिवशी कढीत मुरले की आणखी चांगले लागतात.

मेसवाले_काका
वहिनी, मी बरीच वर्षं यवतमाळात मेस चालवली, सकाळचा नाश्ता मेदूवड्याचाच असायचा. तुमचं पीठ थोडं सुधारावं लागेल, पण मुख्य भानगड पऱ्हाट्यांची आहे.

पऱ्हाटी भडकून जळते. पाच मिनिटांत तेल दोनशेच्या वर नेते आणि लगेच विझायला लागते. मेदूवड्याला 170 ते 175 अंश लागतात, आणि तेही पूर्ण घाणा निघेपर्यंत टिकायला हवेत. तेल फार तापलेलं असलं की वरचं कवच लगेच लाल होतं आणि आपण वडा काढून घेतो. आतलं पीठ ओलं असतं, उष्णता तिथवर पोचायला वेळ लागतो. तुमचा वडा दोन मिनिटांत लाल होतो, तो सहा-सात मिनिटांत व्हायला पाहिजे.

चूल पऱ्हाट्यांनी पेटवा, पण त्यावर बाभळीची दोन-तीन जाड लाकडं लावा. तेल तापलं की जळती टोकं बाहेर ओढा आणि निखाऱ्यांवर तळा. ताव उतरला तर एक लाकूड आत सरकवा. कढई जाड लोखंडी घ्या, तेल चार बोटं खोल तरी असावं, म्हणजे वडे सोडल्यावर ते एकदम थंड पडत नाही.

थर्मामीटर नसला तरी चालतं. शेंगदाण्याएवढं पीठ तेलात सोडा. लगेच वर उसळून लाल झालं तर तेल जास्त तापलंय. तळाशीच बसून राहिलं तर कमी. खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुडे सोडत वर आलं आणि पांढरंच राहिलं, की वडे सोडा. हे प्रत्येक घाण्याआधी पाहायचं. कढईत गर्दी करू नका, वड्यांना उलटायला जागा राहिली पाहिजे.

सुधीरभाऊ, आच कमी करा हे तुमचं बरोबर आहे, पण एकदम मंद केली तर वहिनींना भीती आहे तेच होईल, वडा तेल पिईल. सोड्यानेही तेल जास्त शोषलं जातं. हलकेपणा फेटण्यातून येऊ द्या.

आता भोक. वडा तळताना फुगतो आणि बारीक भोक बुजून जातं. मग मधला भाग सगळ्यात जाड होतो आणि तुमची पांढरी पट्टी नेमकी तिथेच राहते. अंगठा घालून गोल फिरवा, भोक रुपयाच्या नाण्याएवढं करा. कच्चं असताना मोठं दिसेल, तळल्यावर बरोबर होतं.

पिठाचं सांगायचं तर रात्रभर भिजवू नका, चार तास पुरे. जास्त भिजलेली डाळ पाणी धरते, मग पीठ सैल होतं. फ्रीजमधलं पीठ अर्धा तास आधी बाहेर काढा आणि हाताने एकाच दिशेने चांगलं फेटा, कारण ठेवलेल्या पिठातली हवा बसते. वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब सोडा, तरंगला तर झालं. मीठ तळायच्या अगदी आधी, नाहीतर पीठ सुटतं.

नवी_सून_दारव्हा
काका, माझ्या दालवड्यांचंही असंच होतं, तेलात फुटतात. चण्याची डाळ आहे.

मेसवाले_काका
ते वेगळं आहे बाई. दालवड्याची डाळ भरड वाटायची, त्याला फेटायचं नसतं. फुटतात म्हणजे डाळीतलं पाणी नीट निथळलेलं नसावं. वेगळा धागा काढ, इथे वहिनींचं राहून जाईल.

बोरीची_वहिनी
काका, आज थोडी मोगर चार तास भिजवून केलं. बाभळीच्या निखाऱ्यांवर तळले. आधी बुडबुडे जोरात येत होते, मग हळूहळू शांत झाले, आणि झाऱ्यावर उचलला तर वडा हलका लागला. फोडला तर आत जाळी, पट्टी नाही. जाऊबाईंनी नेहमीसारखं अंगठ्याने टोचून भोक पाडलं होतं. त्याच तेलात, त्याच घाण्यात तळलेले त्यांचे वडे मधे अजून जरा ओले निघाले. म्हणजे भोकाचंही आहेच.

पळसपान, पानाचा उपाय आवडला. मोठं भोक हातावर पाडताना वडा वेडावाकडा होत होता, पानावर नीट बसला.

एक अडचण राहिली. शेवटच्या घाण्यापर्यंत निखारे मरतात आणि ते वडे तेलकट होतात. दीडशे वडे म्हणजे किती घाणे! आणि बारशाच्या घरी गरमच द्यायचे आहेत.

मेसवाले_काका
मग दोनदा तळा. घरी फिकट पिवळे होईपर्यंत तळून आतून पूर्ण शिजवून घ्या. तिथे वाढायच्या आधी कडक तेलात मिनिटभर सोडा, रंग तेव्हा येतो. तिथे छोटी कढई आणि गॅस पुरतो. आम्ही गर्दीच्या दिवशी असंच करायचो. आणि घाणा संपला की चार पऱ्हाट्या निखाऱ्यांवर टाका, भडका ओसरला की तेलात शेंगदाण्याएवढं पीठ सोडून पाहा, मग पुढचा घाणा.

अंबानगरीचा_सुधीर
दोनदा तळलेला मेदूवडा थंड झाला की चिवट होतो, कड तर कडकच होते. मी खाल्ले आहेत तसे. त्यापेक्षा पीठ तिथेच नेऊन तळा.

मेसवाले_काका
थंड झाला तर होतो चिवट, मान्य. पण पीठ घेऊन गेलात तर वाटेत हवा बसणार, आणि तिथल्या चुलीचा अंदाज नसतो. मी तरी दोनदाच तळीन.

बोरीची_वहिनी
उद्या दहा-बारा वडे फिकट तळून ठेवते, तीन तासांनी पुन्हा तळते आणि शेजारी ताजे तळून दोन्ही गटातल्या बायकांना खायला देते. पीठ न्यायचंच झालं तर ते कशात न्यावं, हे कोणी केलं असेल तर सांगा. गाव दहा किलोमीटरवर आहे, रस्ता खराब आहे.