मदत हवी आहे: जलजीवनची तरतूद वाढली की घटली? फळ्यावर काय लिहू?

वाचनालयवाला (सोलापूर): गल्लीतल्या वाचनालयाच्या फळ्यावर केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पाचा एक पानी सारांश लावायचाय. अडलंय जलजीवनपाशी. एका पेपरात ‘तरतूद तिप्पट’, दुसऱ्यात ‘तरतुदीला कात्री’. आकडा दोघांचा एकच, ६७ हजार कोटी. खोटं कोण बोलतंय?

जमाखर्च: कुणीच नाही. indiabudget.gov.in वर ‘Budget at a Glance’ उघडा, त्यात मोठ्या योजनांचा तक्ता आहे. त्यात २०२४-२५ दोनदा येतं. आधी अर्थसंकल्पीय अंदाज, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेले ७०,१६३ कोटी. शेजारी सुधारित अंदाज, २२,६९४ कोटी. वर्ष सरत आलं तेव्हा खर्च एवढाच होईल असं दिसलं. यंदाचे ६७ हजार सुधारितशी ताडले की तिप्पट, मूळ अंदाजाशी ताडले की कात्री.
फळ्यावर तिन्ही आकडे लिहा: ‘गेल्या वर्षी ७० हजार ठरले, २३ हजारांच्या आतच आटोपलं, यंदा ६७ हजार ठेवलेत.’ नुसतं भाषण वाचून सारांश केला की मधला आकडा निसटतो. भाषणात एवढंच ऐकू येतं की योजना २०२८ पर्यंत वाढवली.

पाचवा_दिवस: म्हणजे आता नळाला रोज पाणी येणार का ओ? आमच्याकडं पाचव्या दिवशी येतंय.

जमाखर्च: जलजीवन खेड्यांसाठी आहे, दादा. शहराचा नळ त्यात नाही.

एक_ओळ_बास: कराचं सोपंय. १२ लाखांपर्यंत कर नाही. संपलं.

जमाखर्च: फळ्यावर तेवढंच लिहिलंत तर कुणीतरी फसेल. एक तर हे फक्त नव्या करप्रणालीत. दुसरं, समजा एका काकांची पेन्शन वर्षाला ९ लाख आणि वर्षाच्या आत शेअर विकून २ लाख नफा. बेरीज ११ लाख, म्हणजे बाराच्या आत. पेन्शनवरचा कर सवलतीत माफ होतो, पण शेअरच्या नफ्यावर २० टक्के लागतोच. ४० हजार आणि वर सेस, एकूण ४१,६००.

वाचनालयवाला: बाप रे, आमच्या अध्यक्षांचं अगदी असंच आहे! ‘पगार-पेन्शनला’ असं घालतो मग.

टॉवेलवाले: आमचंपण घाला की. मिनिटाला ६५० मीटरपेक्षा कमी वेगाच्या रॅपिअर मागांवरची साडेसात टक्के आयात ड्युटी शून्य झाली. मला दोन माग घ्यायचेत, पण सेकंडहँड. त्यांनापण लागू आहे का हे?

जमाखर्च: भाषणावरून नाही कळणार. अधिसूचनेचे शब्द बघावे लागतील, नाहीतर कस्टमवाल्या एजंटाला विचारा. बयाणा मात्र त्याआधी देऊ नका.

टॉवेलवाले: बयाणा कालच दिला.